'खझेलख' म्हणजे काय रे? : आई-बाबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

गेल्या चार रविवारांत फोनवर तेच ते प्रश्न आले. बाबा शेवटी म्हणाले, "एकदाचं लिहून पाठव, मी प्रिंट काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवतो." म्हणून ही मेल. तुम्ही एप्रिलमध्ये आइंडहोवनला उतराल त्या दिवसापासून हा डच शब्द कानावर पडणार आहे आणि जाईपर्यंत पिच्छा सोडणार नाही. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत. कोणता आईचा आणि कोणता बाबांचा, हे सांगायला नको.

पहिलं हे सांग, तो शब्द म्हणायचा कसा?

ख-झे-लख. जोर 'झे'वर. बाबांनी मेसेजमध्ये वाचून 'गेझेलिग' केलं होतं. चूक त्यांची नाही, लिहिताना शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी रोमन 'जी' आहे. पण डच लोक तो 'जी' घशातून काढतात. सकाळी बाबा बेसिनपाशी खाकरतात ना, त्यातला पहिला अर्धा सेकंद. उत्तरेकडे, अ‍ॅम्स्टरडॅमच्या बाजूला, तो चांगला खरखरीत असतो. आमच्या दक्षिणेकडच्या ब्राबांत प्रांतात मऊ, 'ख' आणि 'ह' यांच्या मधला. इथले लोक त्याला 'मऊ जी'च म्हणतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. मधला 'झ' जवळपास आपल्या 'जरा'मधल्या 'ज'सारखा.

डिक्शनरीत 'उबदार, आरामशीर' दिलंय. मग ऑफिसातल्या मीटिंगला कसं काय म्हणतात?

डिक्शनरीने अर्धंच सांगितलंय, आणि तेही मागचं अर्धं.

शब्दाच्या पोटात 'खझेल' आहे. पूर्वी इथे कारागिरांच्या संघटना असायच्या. सुताराकडे पोरगा आधी उमेदवार म्हणून राहायचा, काम शिकून तयार झाला की 'खझेल' व्हायचा आणि स्वतःचं दुकान टाकण्याइतका झाला की उस्ताद. म्हणजे खझेल हा मधला, दुसऱ्याच्या जोडीने काम करणारा. त्याच्याही मागे गेलं तर 'साल' म्हणजे मोठी खोली, असा जुना शब्द सापडतो. आजही डचमध्ये सभागृहाला 'झाल' म्हणतात. त्याला 'एकत्र' या अर्थाचा 'ख' लागला आणि 'एकाच खोलीत राहणारा' तो खझेल झाला.

आपल्याकडे यासाठी सोन्यासारखा शब्द आहे: सवंगडी. खझेलख म्हणजे मुळात 'सवंगड्यांसारखं'. उशी, घोंगडी, शेकोटी हे सगळं नंतर येतं. शब्द माणसांच्या सोबतीचा आहे. म्हणून मीटिंगमध्ये सगळे मोकळं बोलले, कुणी एकमेकांवर कोट्या केल्या, तर उठताना कुणीतरी म्हणतं, "खझेलख!" मीटिंगमध्ये ठरलं काहीच नाही, तरी चालतं.

बरं, पण मराठीत एका शब्दात?

एका शब्दात नाही जमत. गंमत बघा, 'जमत' हा शब्द आत्ता आपसूक आला आणि उत्तर तिथेच आहे. आपण ही गोष्ट विशेषणाने सांगत नाही, क्रियापदाने सांगतो. बैठक जमली. गप्पा रंगल्या. कोजागरीला पाटणकर वाड्याच्या गच्चीवर दूध आटेपर्यंत सगळे बसायचो आणि खाली येताना तुम्ही म्हणायचात, "यंदा छान जमलं." ते 'छान जमलं' म्हणजे खझेलख.

फरक एवढाच की आपण ते जमल्यावर म्हणतो. हे लोक जमण्याच्या आधी, जमताना आणि जमल्यावर, तिन्ही वेळा म्हणतात. शनिवारी येतोस का, असं विचारलं आणि मी हो म्हटलं की उत्तर येतं "खझेलख!" जाऊन बसलो की "खझेलख, नाही का?" निघताना "खझेलख होतं." एका शुक्रवारी मी डेस्कवरच्या चिठ्ठीवर रेघा मारल्या. सकाळी 9 ते संध्याकाळी 6 मध्ये अकरा वेळा. त्यातली एक रेघ स्ट्रोपवाफलच्या पुड्याला होती. दोन पातळ वाफलांच्या मध्ये पाक घातलेली ती बिस्किटं, मागच्या खेपेला आणली होती ती. पुडा कुणीतरी सगळ्यांसाठी फोडला म्हणून तो खझेलख. त्याच माणसाने कोपऱ्यात एकट्याने खाल्ला असता तर नसता झाला.

मग दिव्याला आणि खुर्चीला का म्हणतात? दिवा कुणाचा सवंगडी?

हा बाबांचा खवचट प्रश्न, पण बरोबर आहे. दिवा सवंगडी नसतो, दिव्यामुळे माणसं बसून राहतात. जिथे बसावंसं वाटतं त्या जागेला तोच शब्द चिकटला, आणि जागेतून वस्तूंना. त्यामुळे 'उबदार' हा अर्थ खोटा नाही, फक्त तो शेवटून आलेला आहे.

डिसेंबरात मी फोन करायचो तेव्हा माझ्या मागे खिडकीत काळोख असायचा आणि आई म्हणायची, "आत्ता तर तुझ्याकडे पाचच वाजलेत ना?" तेव्हा इथे साडेचारला सूर्य मावळतो आणि सकाळी पावणेनऊपर्यंत उगवत नाही. ओटा, पार, चौकातला कट्टा हे प्रकार या हवेत चालतच नाहीत. आपल्याकडे रस्ता जे काम करतो, ते इथे दिवाणखान्याला करावं लागतं. म्हणून दिवाणखान्यावर एवढा जीव.

आई, तू व्हिडिओ कॉलवर तीनदा विचारलंस की माझ्याकडे ट्यूबलाइट का नाही आणि मी पैसे वाचवतोय का. नाही गं. पहिल्या महिन्यात मी छताला एक चांगला पांढरा झगझगीत दिवा लावला होता. शेजारच्या आजी मिठाईचं ताट परत द्यायला आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "दवाखान्यासारखं वाटतंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःकडचा एक छोटा टेबललॅम्प आणून दिला. आता माझ्याकडे चार कोपऱ्यांत चार पिवळे दिवे आहेत आणि वरचा दिवा फक्त काही सांडलं तर लागतो.

जुने 'तपकिरी कॅफे' तुम्हाला दाखवीन. लाकडी भिंती, कमी उजेड, काही ठिकाणी टेबलांवर चक्क गालिचे पसरलेले. भिंती वर्षानुवर्षांच्या तंबाखूच्या धुराने तपकिरी झाल्या म्हणून हे नाव. 2008 पासून कॅफेत सिगारेट बंद झाली, रंग मात्र तसाच ठेवतात. पुण्याच्या जुन्या इराण्यात नवीन सनमायका लावला तर कसं वाटेल, तसं त्यांना नवीन रंगाबद्दल वाटतं.

जेवण चांगलं झालं तरी खझेलखच म्हणायचं का?

नाही. त्याला 'लेकर'. आमटी लेकर, झोप लेकर, ऊनसुद्धा लेकर. जे एकट्याच्या जिभेला किंवा अंगाला बरं वाटतं ते लेकर. पंगत खझेलख. बाबा सकाळी एकटे गॅलरीत चहा आणि पेपर घेऊन बसतात ते लेकर. मग आई येऊन बसते आणि दोघं मिळून शेजाऱ्यांच्या गाडीच्या पार्किंगवर बोलता, ते खझेलख.

एवढी गर्दी दाखवलीस किंग्ज डेच्या व्हिडिओत, तिलाही?

तिलाही. 'खझेलख द्रुक' म्हणतात, म्हणजे गर्दी आहे पण हवीशी. 27 एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो, तुम्ही इथेच असाल. सगळं गाव नारिंगी कपड्यांत रस्त्यावर येतं आणि पोरं घरातली जुनी खेळणी फुटपाथवर मांडून विकतात. सकाळच्या ट्रेनमधली गर्दी नुसती 'द्रुक'. आपण जत्रेतल्या गर्दीला नाक मुरडत नाही आणि लोकलच्या गर्दीला शिव्या घालतो, तसंच.

त्या वाढदिवसाला नक्की काय झालं होतं? तू अर्धवट सांगितलंस.

सांगतो, कारण तुम्हालाही एक आमंत्रण आलंय आणि माझी फजिती तुमच्या कामी यावी.

टीममधल्या एका सहकाऱ्याचा चाळिसावा वाढदिवस. मेसेजमध्ये होतं: रविवारी दोनपासून, कॉफी आणि केक, खझेलख होईल. मी आपल्या हिशेबाने साडेतीनला पोचलो, हातात मोठा बॉक्स. दार उघडलं तर सगळे येऊन बसलेले. भिंतीला लागून खुर्च्यांचा पूर्ण गोल, मध्ये छोटं टेबल. आपल्याकडे मुलगी बघायच्या कार्यक्रमात बसतात तसा. माझ्यामुळे कॉफी दुसऱ्यांदा करावी लागली.

गोलात शिरायची रीत अशी: एका टोकापासून सुरू करायचं, प्रत्येकाशी हात मिळवायचा, आपलं नाव सांगायचं आणि प्रत्येकाचं अभिनंदन करायचं. ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, त्याच्या आईचं 'मुलाबद्दल', बायकोचं 'नवऱ्याबद्दल', मेव्हण्याचं 'मेव्हण्याबद्दल'. मला आधी हसू आलं. पाचव्या माणसापर्यंत आवडायला लागलं. वाढदिवस त्या एकट्याचा नाही, त्याच्या सोबतच्या सगळ्यांचा आहे, असा त्याचा अर्थ. सवंगडीपणा म्हणतोय तो हाच.

मग कॉफी, आणि इथे दक्षिणेत 'फ्लाय' नावाचा फळांचा पातळ केक. एक तुकडा. दुसरा मागून घेत नाहीत, विचारला तर घेतात. चारच्या पुढे कॉफी जाते आणि बिअर येते. सोबत चीजचे चौकोनी तुकडे, मोहरीची चटणी, मांसाचे काप. लोक जागा बदलत नाहीत. डावीकडच्याशी बोलून झालं की उजवीकडच्याशी बोलायचं. मला डावीकडे सहकाऱ्याचे सासरे मिळाले, त्यांनी पाऊण तास कॅराव्हॅनच्या टायरवर सांगितलं. मी इंजिनियर आहे, मला ते खरंच आवडलं.

सव्वापाचला कुणीतरी दोन्ही हात मांड्यांवर आपटून म्हणालं, "झो!" आणि उठलं. मग दुसरं. मला वाटलं या लोकांना कामं असतील. आपण तर रविवार मोकळा ठेवलाय. मी बसलो. साडेपाचला गोलात चार जण उरले. सहकाऱ्याची बायको स्वयंपाकघरात बटाटे सोलताना दिसत होती. सहकारी माझ्याकडे वळून म्हणाला, "खझेलख, की तू आलास."

मी म्हटलं, मलाही खूप छान वाटतंय, आणि चीजचा आणखी एक तुकडा घेतला.

सहाला त्याच्या बायकोने विचारलं, "तू जेवायला थांबतोयस का?" मी म्हटलं, "नाही, नको, त्रास कशाला," म्हणजे आपल्या पद्धतीने, दुसऱ्यांदा आग्रह होईल या भरवशावर. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. ती म्हणाली "ओके" आणि तिने टेबलावर चारच ताटं मांडली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी इतक्या घाईने कोट घातला की मफलर तिथेच राहिला.

सोमवारी टीममधल्या एका वयस्क बाईंनी मला कॉफी मशीनपाशी समजावलं. त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं की आपल्याकडे आत्यासुद्धा सांगणार नाही. त्या म्हणाल्या, काळ ऐक. "खझेलख आहे" असं वर्तमानकाळात म्हटलं तर बस. "खझेलख होतं" किंवा "तू आलास ते खझेलख" असं भूतकाळात म्हटलं की कोट घे. वाक्य कौतुकाचं असतं, खोटंही नसतं, पण त्यातलं क्रियापद तुला दारापर्यंत पोचवत असतं.

आणि मला एकदम आपलं 'येतो' आठवलं. आपण जाताना 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हटलं की आई अजून ओरडते. परक्या माणसाने ते शब्दशः घेतलं तर तो दारात आपली वाट बघत बसेल. मी तेच केलं होतं.

म्हणजे त्यांना आपण लवकर गेलेलं हवं असतं? हे कसलं खझेलख?

आई, हा प्रश्न मलाही सहा महिने पडला होता. त्यात त्यांची म्हण आहे, 'खझेलखहेइटला वेळेचं भान नसतं'. पण ज्या तोंडाने ही म्हण येते त्याच माणसाच्या डायरीत पुढचा मोकळा शनिवार पाच आठवड्यांनी असतो.

आता वाटतं, त्यात लबाडी नाही. आपल्याकडे पाहुण्याला सैल सोडतात, कधीही या, कितीही बसा, आणि भार आईवर येतो. चारला आलेल्या माणसासाठी रात्री नऊला पिठलं टाकताना तुला किती 'छान जमलं' वाटायचं, ते मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलंय. इथे दोन ते साडेपाच म्हटलं की घरची बाईसुद्धा गोलात बसते. केक आणलेला, चीज कापलेलं. एरवी मला त्यांचे काटेकोर वेळ सोसत नाहीत, अचानक कुणाच्या दारात जाता येत नाही याचा राग येतो. पण या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे.

नाही म्हटलं तर राग येतो का?

राग नाही, पण एक शब्द मिळतो: 'ऑनखझेलख'. सगळे थांबले आणि तुम्ही एकटे निघालात, सगळे बोलत असताना फोनमध्ये डोकं घातलंत, तर तो येतो. हसत म्हणतात, पण लागतो. पहिले दोन महिने मी शुक्रवारच्या ऑफिसच्या पार्टीला जायचो नाही. दुपारी चारनंतर कँटीनमध्येच असते, बिअर आणि तळलेले गोळे. मी पीत नाही म्हणून मला वाटायचं तिथे आपलं काय काम. एकदा मॅनेजरने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "ये ना, जरा खझेलख वाग." मला तो दम वाटला. नंतर कळलं की ग्लासात काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, हातात ग्लास घेऊन अर्धा तास उभं राहिलं की झालं. मी आता आल्याचं सरबत घेतो.

तळलेल्या गोळ्यांना बिटरबॉल म्हणतात. आई, ते बटाटेवड्यासारखे दिसतात, पण आत बहुतेक वेळा गोमांसाचं घट्ट सारण असतं. विचारल्याशिवाय उचलू नकोस. शेजारी चीज भरलेल्या कुरकुरीत कांड्या असतील, त्या तुला चालतील.

हा शब्द चिडूनही म्हणतात का?

हो. ट्रेन रद्द, पाऊस आडवा, छत्री उलटी, तेव्हा शेजारचा माणूस म्हणतो, "नाउ, खझेलख." आपण म्हणतो ना, "वा, छान!"

आम्हाला म्हणावं लागेल का? बाबांच्या घशाचं काय?

दोनदाच म्हणा. आमंत्रण तुमच्या त्या शेजारच्या आजींचं आहे, दिव्यावाल्या. रविवारी अकरा वाजता कॉफीला. आपण अकराला पाच कमी असताना जिन्यात असू. कॉफीसोबत एक बिस्कीट येईल आणि डबा बंद होईल. तो कंजूषपणा समजू नका, दुसऱ्या कॉफीला पुन्हा उघडतो. बसल्यावर थोड्या वेळाने आईने खोलीभर बघून "खझेलख" म्हणायचं, म्हणजे वर्तमानकाळ. साडेबाराच्या सुमारास बाबांनी मांडीवर हात मारून "झो" म्हणायचं आणि उठायचं. ही जबाबदारी बाबांची, कारण आई उठल्यावर दारात अर्धा तास बोलते. दारात म्हणायचं, "हेट वास खझेलख." झालं.

त्यांना लाडूंचा पाच किलोचा डबा नेऊ नकोस. त्या एकट्या राहतात, संपवायचा कसा याची काळजी करत बसतील. आठ लाडू पुरे.

आणि येताना फडताळातल्या वरच्या खणातल्या मातीच्या पणत्या आण, डझनभर, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. एप्रिलअखेर इथे रात्री नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जरा उशिरा लावू. आजींना खाली बोलावलंय. त्यांनी डायरी बघून 9 मे दिलाय, साडेसात ते दहा.

तुमचा,
बंड्या